ॲडव्हायसेस, इन्फर्मेशन्स, इक्विपमेंट्स : मराठी माणसाच्या इंग्रजीतला जादाचा ‘एस’ कसा काढायचा

इंग्रजीत बऱ्यापैकी लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या मराठी लोकांच्या ईमेलमध्ये एक चूक हमखास सापडते. काळ बरोबर असतो, क्रियापद बरोबर असतं, स्पेलिंगही बरोबर असतं, आणि मधेच ‘इन्फर्मेशन्स’ येतं. नाहीतर ‘ॲन ॲडव्हाइस’, ‘मेनी होमवर्क्स’, ‘न्यू फर्निचर्स’. समोरच्याला अर्थ कळतो, म्हणून कुणी टोकत नाही आणि ती सवय वर्षानुवर्षं टिकते. आयेल्ट्ससारख्या परीक्षेत मात्र लेखनाच्या गुणांचा चौथा हिस्सा व्याकरणाला असतो आणि तिथे ही चूक परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. नोकरीच्या अर्जातही ती पहिल्या परिच्छेदातच दिसते.

मी मराठी माध्यमातून इंग्रजीकडे आलो. पुढे कामाचा भाग म्हणून इतरांचे मसुदे तपासू लागलो. त्यातून एक पक्कं लक्षात आलं : मोजता न येणाऱ्या नामांची लांबलचक यादी पाठ करून ही चूक जात नाही. चूक कुठून येते ते ओळखावं लागतं, आणि मग शब्द नव्हे तर अख्खं वाक्य दुरुस्त करायची सवय लावावी लागते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ही चूक आधी कानात आणि जिभेवर असते, लेखणीत नंतर उतरते. म्हणून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा.

काय जवळ ठेवायचं

- परक्या भाषेतून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोघांचेही असे लर्नर्स शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. साधा इंग्रजी-मराठी कोश इथे पुरणार नाही, कारण त्यात आपल्याला हवी ती खूण बहुधा नसते.
- तुम्ही स्वतः लिहिलेला इंग्रजी मजकूर : जुने ईमेल, अहवाल, निबंध, काहीही.
- आवाज रेकॉर्ड करणारा फोन.
- एक वही. तिच्यात शब्द लिहायचे नाहीत, वाक्यं लिहायची.

१. चूक कुठून येते ते ओळखा

मराठी बोलणाऱ्यांच्या बाबतीत ही चूक दोन वेगळ्या कारणांनी होते, आणि दोन्हींचा उपाय एक नाही.

पहिल्या गटातल्या शब्दांचं मराठीत रीतसर अनेकवचन होतं. सल्ला–सल्ले, बातमी–बातम्या, पुरावा–पुरावे, काम–कामं, उपकरण–उपकरणं. ‘त्यांनी मला दोन सल्ले दिले’ हे अस्सल मराठी वाक्य आहे. ते डोक्यात तयार होतं आणि इंग्रजीत ‘टू ॲडव्हायसेस’ म्हणून बाहेर पडतं. ‘केस’ आणि ‘पैसे’ यांचं तर मराठीत नेहमीच अनेकवचन चालतं : केस वाढले, पैसे संपले. म्हणून ‘हर हेअर्स आर लाँग’ आणि ‘व्हेअर आर द मनी’ अशी वाक्यं होतात. इंग्रजी म्हणतं ‘हर हेअर इज लाँग’, ‘व्हेअर इज द मनी’. या गटात मराठी कान तुमची दिशाभूल करतो. इथे त्याचं ऐकायचं नाही.

दुसरा गट याच्या बरोबर उलटा आहे. माहिती, ज्ञान, सामान, फर्निचर हे शब्द मराठीतही आपण मोजत नाही. ‘मला दोन माहित्या द्या’ असं कुणी म्हणत नाही. ‘सगळी माहिती मिळाली’ म्हणतो, क्रियापद एकवचनीच ठेवतो. म्हणजे ‘इन्फर्मेशन्स’ मराठीतून आलेलं नाही. ते आलं शाळेतल्या ‘एकापेक्षा जास्त असेल तर एस लावा’ या नियमातून. ‘ऑल’ किंवा ‘मेनी’ म्हटलं की पुढच्या शब्दाला आपोआप एस चिकटतो. इथे मराठी कान तुमच्या बाजूने आहे. ‘इन्फर्मेशन’, ‘नॉलेज’, ‘लगेज’ वापरण्याआधी मनात मराठी वाक्य म्हणून बघा. ‘दोन माहित्या’ कानाला खटकलं, की इंग्रजीतही एस नको.

मला वाटतं, शिकवताना हा फरक सांगितला जात नाही म्हणूनच गोंधळ टिकून राहतो. ‘मराठीत विचार करू नका’ हा सरसकट उपदेश दुसऱ्या गटासाठी चक्क नुकसानीचा आहे.

वहीत दोन पानं करा. एकावर ‘मराठीत मोजतो, इंग्रजीत मोजत नाही’, दुसऱ्यावर ‘दोन्हीकडे मोजत नाही’. पहिल्या पानावर ॲडव्हाइस, न्यूज, वर्क, एव्हिडन्स, इक्विपमेंट, हेअर, मनी, फीडबॅक आणि होमवर्क. दुसऱ्यावर इन्फर्मेशन, नॉलेज, लगेज, फर्निचर. सुरुवातीला एवढे १३ शब्द पुरेत. रोजच्या लिखाणातल्या बहुतेक चुका याच शब्दांत होतात.

२. शब्दकोशातली खूण वाचायला शिका

लर्नर्स शब्दकोशात नामाच्या पुढे कंसात एक खूण असते. केंब्रिजमध्ये ते एकच अक्षर असतं, ऑक्सफर्डच्या इंटरनेटवरच्या कोशात त्याजागी `[uncountable]`, `[countable]` असा पूर्ण शब्द असतो. `[U]` म्हणजे मोजता न येणारं नाम, `[C]` म्हणजे मोजता येणारं. ‘ॲडव्हाइस’ शोधा, `[U]` दिसेल. ‘सजेशन’ शोधा, `[C]` दिसेल. दोन्हींचा अर्थ जवळपास सारखाच आहे, पण एक मोजतात आणि दुसरा मोजत नाहीत. अर्थावरून अंदाज बांधता येत नाही, म्हणूनच ही खूण बघावी लागते.

इथला सापळा असा की पुष्कळ शब्दांपुढे दोन्ही खुणा असतात आणि घाईत आपण पहिलीच वाचतो. खूण शब्दाची नसते, त्या शब्दाच्या एकेका अर्थाची असते. ‘एक्स्पीरियन्स’ हा शब्द घ्या. नोकरीत मुरून मिळालेला अनुभव `[U]` आहे : ‘शी हॅज टेन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. आयुष्यात घडलेला एखादा प्रसंग म्हणून अनुभव `[C]` आहे : ‘आय हॅड सम स्ट्रेंज एक्स्पीरियन्सेस’. म्हणून आधी आपला अर्थ कितवा आहे ते शोधा, मग त्याच्यापुढची खूण बघा आणि त्याखालचं उदाहरणाचं वाक्य वहीत उतरवा.

शब्दाच्या शेवटावरून थोडी मदत होते. शेवटी ‘वेअर’ असलेले सॉफ्टवेअर, हार्डवेअर, आणि पुष्कळ वस्तूंना मिळून एकच नाव देणारे मशिनरी, ज्वेलरी, सीनरी, स्टेशनरी, लगेज, बॅगेज हे शब्द मोजत नाहीत. मशिनरी म्हणजे एक यंत्र नव्हे, सगळी यंत्रसामग्री. पण नुसत्या शेवटावर विसंबू नका. बॅटरी, फॅक्टरी, पॅकेज, मेसेज यांचा शेवट तसाच आहे आणि ते बिनधास्त मोजता येतात. शंका आली की कोश उघडा.

३. एस काढून थांबू नका : वाक्यातल्या आणखी चार जागा तपासा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. एस हा या चुकीचा फक्त दिसणारा भाग असतो. कुणीतरी सांगतं, ‘इन्फर्मेशन्स’ चूक आहे. मग माणूस एस खोडतो आणि ‘दीज इन्फर्मेशन आर व्हेरी यूजफुल’ असं पाठवून देतो. एस गेला, पण वाक्य अनेकवचनीच राहिलं.

पहिली जागा नामाच्या लगेच आधीची. तिथे ‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘वन’ नको. मराठीत ‘एक बातमी आहे’, ‘एक सल्ला देतो’ असं आपण सहज म्हणतो, म्हणून ‘आय हॅव अ न्यूज’, ‘लेट मी गिव्ह यू वन ॲडव्हाइस’ येतं. त्या जागी ‘सम’ घाला : ‘आय हॅव सम न्यूज’, ‘लेट मी गिव्ह यू सम ॲडव्हाइस’.

दुसरी जागा प्रमाण सांगणाऱ्या शब्दाची. मराठीत ‘खूप पुस्तकं’ आणि ‘खूप पाणी’, ‘किती पुस्तकं’ आणि ‘किती पाणी’ दोन्ही चालतं, त्यामुळे इंग्रजीत मेनी आणि मच यांतून निवड करायची असते हेच विसरायला होतं. मोजता न येणाऱ्या नामाला मच आणि लिटल, मोजता येणाऱ्याला मेनी आणि फ्यू. बोलता बोलता ठरवता आलं नाही तर सोपा मार्ग आहे : सम, एनी, ऑल, मोअर, इनफ, अ लॉट ऑफ. हे शब्द दोन्हीकडे चालतात. ‘अ लॉट ऑफ इन्फर्मेशन’ बरोबर, ‘अ लॉट ऑफ डिटेल्स’ही बरोबर. नवशिक्याने पहिले काही आठवडे ‘मेनी’ जवळजवळ सोडून द्यावं आणि ‘अ लॉट ऑफ’वर भागवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘धिस’ आणि ‘दीज’ची निवडही याच जागेवर होते : नेहमी ‘धिस इन्फर्मेशन’.

तिसरी जागा क्रियापदाची. आर नाही, इज. हॅव नाही, हॅज. ‘ऑल द इक्विपमेंट हॅज अराइव्ह्ड.’ इथे ‘ऑल’ ऐकून जीभ ‘हॅव’कडे वळते. मराठीत ‘सगळं सामान आलं’ म्हणतो, ‘आली’ नाही, हे आठवलं की ती जागेवर येते.

चौथी जागा पुढच्या वाक्यात असते आणि म्हणूनच सुटते. सर्वनाम. पहिल्या वाक्यात ‘ॲडव्हाइस’ बरोबर लिहून माणूस पुढे ‘दे वेअर व्हेरी हेल्पफुल’ लिहितो. ‘इट वॉज व्हेरी हेल्पफुल’ हवं. लिहून झाल्यावर त्या नामाच्या पुढची दोन वाक्यं डोळ्यांखालून घाला आणि दे, देम, दीज सापडतात का ते बघा.

४. मोजायचंच असेल तर दोन वाटा

कधीकधी आकडा सांगणं गरजेचं असतं. तीन सल्ले म्हणजे तीनच.

पहिली वाट मापाचा शब्द आधी लावायची : ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘थ्री पीसेस ऑफ ॲडव्हाइस’. एस ‘पीस’ला लागतो, ॲडव्हाइसला नाही. ‘थ्री पीस ऑफ ॲडव्हायसेस’ ही दोन्हीकडे चुकलेली जोडी बरीच दिसते. पीस ऑफ हा इन्फर्मेशन, न्यूज, फर्निचर, एव्हिडन्स, इक्विपमेंट, लगेज या सगळ्यांना चालतो, त्यामुळे एकच साचा शिकून पुष्कळ काम होतं. पैशांसाठी ‘ॲन अमाउंट ऑफ मनी’ किंवा ‘अ सम ऑफ मनी’.

दुसरी वाट शब्दच बदलायची, आणि मला ती जास्त आवडते. ॲडव्हाइसच्या जागी सजेशन्स किंवा टिप्स, इन्फर्मेशनच्या जागी डिटेल्स किंवा फॅक्ट्स, इक्विपमेंटच्या जागी मशीन्स किंवा टूल्स, लगेजच्या जागी बॅग्ज, वर्कच्या जागी टास्क्स किंवा थिंग्ज टू डू, फीडबॅकच्या जागी कॉमेंट्स. वाक्य मोकळं होतं आणि बहुतेक वेळा नेमकंही होतं. ‘टू इक्विपमेंट्स आर नॉट वर्किंग’ यातून काय बंद पडलंय ते कळत नाही, ‘टू प्रिंटर्स आर नॉट वर्किंग’ यातून कळतं.

एक सावधगिरी. पीस ऑफ शिकल्यावर काही जण ते प्रत्येक वाक्यात घालतात. ‘थँक यू फॉर युअर पीस ऑफ ॲडव्हाइस’ हे व्याकरणात चुकीचं नाही, पण अवघडलेलं वाटतं. आकडा महत्त्वाचा नसेल तर नुसतं ‘युअर ॲडव्हाइस’ पुरतं.

५. जिथे एस बरोबर असतो ते सापळे

नियम अंगात भिनला की माणूस बरोबर असलेले एसही खोडायला लागतो. तेवढ्यासाठी हे चार.

*ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइज.* नामाच्या शेवटी ‘स’, क्रियापदाच्या शेवटी ‘झ’. ‘ही ऑल्वेज ॲडव्हायझेस मी’ यातलं क्रियापद आहे आणि तो एस हवाच. शिवाय बँकेच्या भाषेत डेबिट ॲडव्हाइस, पेमेंट ॲडव्हाइस म्हणजे व्यवहाराची सूचना देणारा कागद. तो मोजता येतो. हिशेबाच्या कामात ‘ॲडव्हायसेस’ दिसलं तर चूक समजून खोडू नका.

*न्यूज.* शेवटी एस आहे, पण शब्द एकवचनी. ‘द न्यूज इज गुड.’ ‘बातम्या’ मनात असल्यामुळे इथे ‘आर’ फार पटकन येतो.

*हेअर.* डोक्यावरचे सगळे केस मिळून हेअर, एकवचनी. सुटा केस मात्र मोजता येतो : सूपमध्ये सापडलेले ‘टू हेअर्स’ बरोबर आहेत.

*वर्क.* ‘आय हॅव मेनी वर्क्स’ चूक. ‘वर्क्स’ म्हणजे एखाद्या कलावंताच्या कृती, किंवा ‘रोडवर्क्स’सारख्या जोडशब्दात बांधकामाची कामं. मराठीतला ‘तुमच्याकडे जरा एक काम होतं’ हा वाक्प्रयोग तर इंग्रजीत जसाच्या तसा नेताच येत नाही. ‘आय हॅव वन वर्क विथ यू’ ऐकून परदेशी माणूस गोंधळतो. तिथे ‘आय नीड युअर हेल्प विथ समथिंग’ म्हणा.

हे दुहेरी शब्द लक्षात ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. वर्क्स, हेअर्स, एक्स्पीरियन्सेस हे सगळे शब्द कोशात आहेत, त्यामुळे स्पेलिंग तपासणारं साधन त्यांच्याखाली लाल रेघ ओढेलच असं नाही. रेघ नाही म्हणजे वाक्य बरोबर, असं धरून चालू नका.

६. एक ईमेल सुरुवातीपासून दुरुस्त करूया

नवीन नोकरीला लागलेल्या माणसाने वरिष्ठांना लिहिलेला मजकूर समजा असा आहे :

> थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल ॲडव्हायसेस. दे वेअर व्हेरी हेल्पफुल. आय हॅव कलेक्टेड मेनी इन्फर्मेशन्स अबाउट द न्यू इक्विपमेंट्स. आय स्टिल हॅव टू वर्क्स लेफ्ट. इफ यू हॅव एनी फीडबॅक्स, प्लीज सेंड देम.

आधी फक्त एस काढून बघू. ‘युअर व्हॅल्युएबल ॲडव्हाइस’ झालं बरोबर. ‘एनी फीडबॅक’ही बरोबर, कारण एनी दोन्हीकडे चालतो. पण ‘मेनी इन्फर्मेशन’ अजून चूक आहे. आणि ‘आय स्टिल हॅव टू वर्क लेफ्ट’ तर आधीपेक्षा वाईट झालं : कानाला ते ‘अजून काम करावं लागतं’ असं ऐकू येतं आणि ‘लेफ्ट’ मागे लोंबकळत राहतं.

आता बाकीच्या जागा. ‘दे वेअर’ ॲडव्हाइसबद्दल आहे, म्हणून ‘इट वॉज’. ‘मेनी’च्या जागी ‘अ लॉट ऑफ’. ‘सेंड देम’ फीडबॅकबद्दल आहे, म्हणून ‘सेंड इट’. उरलं ‘टू वर्क्स’. इथे आकडा महत्त्वाचा आहे, दोनच कामं राहिलीत हे वरिष्ठांना कळायला हवं, म्हणून शब्द बदलायचा : ‘टू टास्क्स लेफ्ट’.

> थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल ॲडव्हाइस. इट वॉज व्हेरी हेल्पफुल. आय हॅव कलेक्टेड अ लॉट ऑफ इन्फर्मेशन अबाउट द न्यू इक्विपमेंट. आय स्टिल हॅव टू टास्क्स लेफ्ट. इफ यू हॅव एनी फीडबॅक, प्लीज सेंड इट.

मोजून बघा. एस पाच ठिकाणी चुकला होता, पण तेवढाच काढून मजकूर बरोबर झाला नसता. दोन सर्वनामं, एक प्रमाणाचा शब्द आणि एक अख्खं नाम बदलावं लागलं. तिसऱ्या पायरीवर एवढा भर दिला तो यासाठी.

७. सराव

रोज एकच सराव, १० मिनिटं. चारही संपले की पुन्हा पहिल्यापासून.

*सराव क : एक नाम, पाच जागा.* एक शब्द घ्या आणि थांबा न घेता ही पाच रूपं म्हणा. ॲडव्हाइसचं उदाहरण :

- आय नीड सम ॲडव्हाइस.
- आय डोन्ट नीड मच ॲडव्हाइस.
- दॅट वॉज अ गुड पीस ऑफ ॲडव्हाइस.
- ऑल धिस ॲडव्हाइस इज यूजफुल.
- आय गॉट सम ॲडव्हाइस अँड आय यूज्ड इट.

मग हेच इन्फर्मेशन, इक्विपमेंट, फर्निचर, एव्हिडन्स घालून, क्रियापद गरजेप्रमाणे बदलून. पाचवं वाक्य टाळू नका. सर्वनाम तिथेच पक्कं होतं.

*सराव ख : मच की मेनी.* वहीचा एकेक कागद फाडून त्यावर एकेक शब्द लिहा : लगेज, बॅग्ज, फर्निचर, चेअर्स, वर्क, ईमेल्स, इन्फर्मेशन, डिटेल्स, मनी, कॉइन्स, सॉफ्टवेअर, ॲप्स. चिठ्ठ्या मिसळून एकेक उचला आणि लगेच म्हणा : ‘हाऊ मच लगेज?’ ‘हाऊ मेनी बॅग्ज?’ विचार करायला वेळ लागला ती चिठ्ठी पुन्हा गठ्ठ्यात टाका.

*सराव ग : मराठी ऐका, इंग्रजी बोला.* खालची मराठी वाक्यं आधी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, प्रत्येकानंतर मोकळी जागा सोडा. मग ऐकत ऐकत त्या जागेत इंग्रजी वाक्य म्हणा. मराठी अनेकवचन कानावर पडलेलं असताना इंग्रजी एकवचन काढणं हाच खरा व्यायाम आहे. उत्तरं आधी वाचू नका.

१. तिने मला एक चांगला सल्ला दिला.
२. या बातम्या खऱ्या आहेत का?
३. सगळी माहिती फॉर्मवर आहे.
४. पैसे टेबलावर आहेत.
५. आज मला खूप कामं आहेत.
६. त्याचे केस काळे आहेत.
७. त्यांच्याकडे पुरेसे पुरावे नाहीत.

उत्तरं : १. शी गेव्ह मी सम गुड ॲडव्हाइस. २. इज धिस न्यूज ट्रू? ३. ऑल द इन्फर्मेशन इज ऑन द फॉर्म. ४. द मनी इज ऑन द टेबल. ५. आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टुडे. ६. हिज हेअर इज ब्लॅक. ७. दे डोन्ट हॅव इनफ एव्हिडन्स.

सातव्यात ‘दे’ बरोबर आहे, कारण तो माणसांबद्दल आहे. तिथे अडखळला असाल तर तुम्ही नियम लावताय, वाक्य समजून घेत नाही आहात. पुन्हा म्हणा.

*सराव घ : चूक की बरोबर.* यात काही वाक्यं मुद्दाम बरोबर ठेवली आहेत.

१. वुई बॉट अ न्यू फर्निचर.
२. देअर आर टू हेअर्स इन माय सूप.
३. शी हॅज अ गुड नॉलेज ऑफ अकाउंटिंग.
४. द न्यूज आर नॉट गुड.
५. ही ऑल्वेज ॲडव्हायझेस मी टू वेट.
६. आय हॅव टेन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्सेस.

पहिलं चूक : ‘सम न्यू फर्निचर’ म्हणा किंवा थेट ‘अ न्यू टेबल’. दुसरं बरोबर, सुटे केस आहेत. तिसरंही बरोबर, आणि इथे बरेच जण फसतात. नॉलेज मोजत नाहीत, पण एखाद्या विषयाचं किती ज्ञान आहे हे सांगताना ‘अ गुड नॉलेज ऑफ’ असा ‘अ’ इंग्रजीत रूढ आहे. ‘नॉलेजेस’ मात्र कधीच नाही. चौथ्यात ‘इज’ हवं. पाचवं बरोबर, ते क्रियापद आहे. सहावं चूक : नोकरीतला अनुभव आहे, म्हणून ‘एक्स्पीरियन्स’.

८. जुन्या लिखाणात शोध घ्या

तुमची नेमकी चूक कुठली ते तुमचे पाठवलेले ईमेलच सांगतील. जीमेल वापरत असाल तर शोधाच्या चौकटीत एकेक ओळ टाका :

```
in:sent informations
in:sent advices
in:sent equipments
in:sent feedbacks
in:sent "an advice"
in:sent "these information"
```

अहवाल किंवा निबंध असेल तर फाइल उघडून `Ctrl+F` दाबा आणि तेच शब्द शोधा. सापडलेलं प्रत्येक वाक्य वहीत डाव्या पानावर जसंच्या तसं उतरवा आणि उजव्या पानावर चारही जागा तपासून दुरुस्त करा. ज्या शब्दावर तुम्ही दोनदा सापडलात तो सराव क मध्ये सगळ्यात वर आणा. एकदाही सापडला नाही तो पहिल्या १३ शब्दांतून काढून टाका आणि त्याच्या जागी तुमच्या कामातला दुसरा शब्द घ्या : संशोधन करत असाल तर रिसर्च, कारखान्यात असाल तर मशिनरी, संगणकाच्या कामात असाल तर सॉफ्टवेअर.

महिन्याभराने हाच शोध फक्त नव्या ईमेलवर चालवा. जीमेलमध्ये ओळीच्या शेवटी `newer_than:30d` जोडलं की शेवटच्या ३० दिवसांतलेच निकाल येतात. तोपर्यंत एस बहुतेक गेलेला असतो. सर्वनाम मात्र सगळ्यात शेवटी सुधारतं, म्हणून त्या वेळी निकालांवर थांबू नका. त्या महिन्यातले चार-पाच लांब ईमेल उघडा, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फीडबॅक जिथे आले आहेत तिथून पुढची दोन वाक्यं वाचा आणि ‘दे’ शोधा.